क, स आणि मधलं रिकामं घर

शब्दकोड्यातली आडवी तीन घरं डोळ्यांसमोर आणा. पहिल्या घरात उभ्या शब्दामुळे क आलेला आहे, तिसऱ्यात दुसऱ्या उभ्या शब्दामुळे स आलेला आहे, आणि मधलं घर रिकामं आहे. शोधसूत्र दिलंय: ‘वाढ पुरी झाली की माथ्यावर येते ती गोष्ट’. इंदापूर तालुक्यातल्या कळस गावचा माणूस गावाचंच नाव लिहून मोकळा होईल, कारण देऊळ बांधून पुरं झालं की माथ्यावर कळस चढतो. पण त्याच तालुक्यात ज्वारीच्या रानात उभा असलेला शेतकरी म्हणेल, कणीस. ताट वाढून पुरं झालं की माथ्यावर कणीसच येतं. दोन्ही शब्द तीन अक्षरी, दोन्ही क ने सुरू होणारे, स ने संपणारे, आणि सूत्र दोघांनाही चपखल बसतं.

आता मधल्या घरातून एक उभा शब्द जात असेल, समजा हळद, तर वाद तिथेच मिटतो. ह च्या खाली ळ आला, म्हणजे कणीस गेलं आणि कळस राहिला. उभा शब्द पाणी असेल तर मधल्या घरात णी येईल आणि कळस उतरवावा लागेल. पण मधल्या घरातून कोणताच उभा शब्द जात नसेल तर? तर उत्तर एकाच ठिकाणी असतं, कोडं रचणाऱ्याच्या लिफाफ्यात. सोडवणाऱ्याला मराठी कितीही येत असली तरी त्याच्या हातात उरतो तो अंदाज.

त्या रिकाम्या घराभोवती गेल्या शतकात एक मोठा धंदा उभा राहिला. मुंबई राज्याने त्याला आवरण्यासाठी कायदे केले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीला गेलं, आणि ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अशी बक्षिसांची शब्दकोडी म्हणजे जुगार आहे. हा निकाल आजही घटनेच्या अभ्यासात शिकवला जातो, पण तो मुळात शब्दकोड्याबद्दल होता हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. मला त्याची हकिगत सांगायची आहे ती कोड्याच्या बाजूने, घरं मोजत.

गाळलेल्या शब्दावर पैसे लावायची कल्पना शब्दकोड्याहून जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘पीअर्सन्स वीकली’ या साप्ताहिकाने एक स्पर्धा चालवली. एक परिच्छेद छापायचा, त्यातला एक शब्द गाळायचा आणि वाचकाने तो ओळखायचा. प्रवेश फी एक शिलिंग; जमलेले सगळे पैसे बरोबर उत्तर देणाऱ्यांमध्ये वाटायचे. स्पर्धा अफाट चालली. मात्र गाळलेल्या जागी अर्थाने बसणारे शब्द अनेक होते आणि त्यातला कोणता ‘बरोबर’ हे परिच्छेद वाचून ठरत नव्हतं. १८९३ साली तिथल्या न्यायालयाने ही लॉटरी आहे असा निर्णय दिला. तेव्हा उभे-आडवे शब्द हा प्रकार जन्मालाही आला नव्हता.

तो आला २१ डिसेंबर १९१३ रोजी. लिव्हरपूलहून अमेरिकेत गेलेला आर्थर विन हा पत्रकार ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या दैनिकाच्या रविवार पुरवणीचं काम पाहत होता. नाताळच्या अंकासाठी त्याने हिऱ्याच्या आकाराची एक जाळी आखली, मधोमध रिकामी, आणि तिला ‘वर्ड-क्रॉस’ असं नाव दिलं. पुढे नावातले दोन शब्द उलटे झाले आणि ‘क्रॉसवर्ड’ रूढ झाला. शब्द ओळखायचे खेळ आधीही होते, शब्दांचे चौकोनही होते. विनच्या जाळीत सोडवणाऱ्याच्या सोयीची खरी गोष्ट होती ती एकमेकांना छेदणारी अक्षरं. एका शब्दाचं उत्तर दुसऱ्या शब्दाच्या उत्तराची साक्ष काढतं. तुम्ही चुकलात तर ते सांगायला पुढच्या अंकाची वाट पाहावी लागत नाही. कागदच सांगतो, कारण उभा शब्द बसत नाही.

१९२४ साली न्यूयॉर्कमध्ये सायमन आणि शूस्टर या दोन तरुण प्रकाशकांनी शब्दकोड्यांचं पहिलं पुस्तक काढलं, सोबत एक पेन्सिल जोडून. त्यानंतर हा छंद वणव्यासारखा पसरला. इथे एक फाटा फुटला आणि पुढच्या हकिगतीसाठी तो महत्त्वाचा आहे. अमेरिकेत दंडक असा पडला की जाळीतलं प्रत्येक अक्षर उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही शब्दांत आलं पाहिजे. म्हणजे प्रत्येक घराला दोन साक्षीदार. ब्रिटिश पद्धतीच्या जाळीत मात्र साधारण एकाआड एक अक्षरच छेदलं जातं आणि बाकीची घरं मोकळी राहतात. तिथे मोकळ्या घरांची जबाबदारी सूत्राने उचलायची असते. सूत्र इतकं काटेकोर हवं की मोकळ्या घरात दुसरं अक्षर घालून पाहिलं तर अर्थ मोडलाच पाहिजे. ‘टाइम्स’सारख्या लंडनच्या दैनिकांनी ही शिस्त जोपासली. बक्षिसाच्या कोड्यांनी मात्र ब्रिटिश जाळी उचलली आणि सूत्राची शिस्त मुद्दाम सोडून दिली.

ती कशी सोडली, ते मराठीतच करून पाहू. सूत्र समजा असं आहे: ‘अति झाला की माणसाचा घात करतो’. दोन घरं. दुसऱ्यात भ, उभ्या शब्दामुळे पक्का. पहिलं मोकळं. लोभ बसतो. पण क्षोभही बसतो. जोडाक्षर असलं तरी क्षो एकाच घरात मावतो, आणि अति क्षोभानेही माणसाचा घातच होतो. पुढचं सूत्र: ‘सणावारी घरी आलेल्याला ही गोष्ट दिल्याशिवाय पाठवू नये’. दुसऱ्या घरात न. मान लिहा, पान लिहा, दान लिहा. वाचणाऱ्याला वाटतं की नीट विचार केला तर एक शब्द दुसऱ्यापेक्षा सरस ठरेल. तो घरच्यांशी वाद घालतो, मास्तरांना विचारतो, कोश उघडतो. कोडं रचणाऱ्याने मात्र सूत्रच असं घडवलेलं असतं की कोशातून काही निष्पन्न होणार नाही. ‘अधिकृत उत्तर’ आधीच ठरवून सीलबंद ठेवलेलं असतं, आणि बक्षीस सर्वांत समर्पक शब्दाला मिळत नाही, त्या उत्तराशी जुळणाऱ्या शब्दाला मिळतं.

यातलं गणित छोटं आहे. एका कोड्यात अशी दहा मोकळी घरं आहेत आणि प्रत्येकात दोन शब्द सारखेच बसतात असं धरा. मग एकूण वेगवेगळ्या प्रवेशिका होतात १०२४. भाषापंडिताला उरलेले सगळे शब्द झटक्यात आले, तरी या १०२४ मधून त्याला डोळे मिटूनच एक उचलायची आहे. प्रवेशिकेला चार आणे फी धरली आणि सगळ्या शक्यता भरायच्या म्हटलं, तर २५६ रुपये लागतील. कोणी सोळा प्रवेशिका भरल्या तर चार रुपये जातात आणि पूर्ण बरोबर येण्याची शक्यता चौसष्टात एक एवढीच होते.

तरी माणसं पुन्हा पुन्हा का भरत होती, याचं उत्तरही याच आकड्यांत आहे. पूर्ण बरोबर उत्तराखेरीज एक चूक, दोन चुका अशांनाही लहान बक्षिसं ठेवायची पद्धत होती. १०२४ शक्यतांपैकी बरोबर एक चूक असलेल्या दहा असतात आणि दोन चुका असलेल्या पंचेचाळीस. पूर्ण बरोबर धरून छपन्न. म्हणजे नुसत्या अंदाजाने भरलेल्या साधारण अठरा प्रवेशिकांपैकी एक या घेऱ्यात पडतेच. ज्याची पडते त्याला वाटतं, आपलं फक्त एका शब्दात हुकलं; पुढच्या आठवड्यात थोडा जास्त विचार करू. हुकण्यामागे विचाराचा काही संबंध नव्हता, हे त्याला दिसत नाही. सोडतीचं तिकीट हरलं तर माणूस नशिबाला बोल लावतो. शब्दकोडं हरलं तर तो स्वतःच्या बुद्धीला बोल लावतो आणि ती सुधारायला पुन्हा पैसे भरतो. या धंद्याची ताकद तिथे होती, आणि मला वाटतं, त्याचा खोटेपणाही तिथेच होता.

इंग्लंडमधल्या न्यायाधीशांनी ही गोम लवकर ओळखली. १९३६ साली ओडॅम्स प्रेस या बड्या प्रकाशन कंपनीच्या शब्दकोड्यावर खटला चालला. सरन्यायाधीश लॉर्ड ह्यूअर्ट यांच्या न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं होतं की भाग घेणाऱ्यांना कोडं सोडवण्याचं आमंत्रण दिलेलं नाही. लपवून ठेवलेल्या निशाणावर आंधळेपणाने नेम धरायला सांगितलं आहे.

आपल्याकडे तोवर ही लाट पोचली होती. इंग्रजी साप्ताहिकांची बक्षिसाची कोडी शहरांत घरोघर भरली जाऊ लागली; ‘इलस्ट्रेटेड वीकली’तलं ‘कॉमनसेन्स क्रॉसवर्ड’ हे नाव जुन्या पिढीला अजून आठवतं. मुंबई प्रांताच्या सरकारने १९३९ सालीच बक्षीस स्पर्धांवर कर बसवणारा कायदा केला. कर बसवला याचा अर्थ उलाढाल नजरेत भरण्याइतकी झाली होती. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली त्या जागी अधिक कडक कायदा आला, लॉटरी आणि बक्षीस स्पर्धा यांवर नियंत्रण आणि कर या दोन्हींसाठी. त्याने परवाना सक्तीचा केला. पण त्यात एक फट राहिली. प्रांताबाहेर छापून प्रसिद्ध होणाऱ्या नियतकालिकातली स्पर्धा या कायद्याच्या व्याख्येतून वगळलेली होती.

धंदा करणाऱ्याला एवढी फट पुरते. बंगळूर मुंबईच्या हद्दीबाहेर, म्हैसूर राज्यात. तिथून ‘स्पोर्टिंग स्टार’ नावाचं साप्ताहिक निघत असे, आणि त्यात ‘आर. एम. डी. सी. क्रॉसवर्ड्‌स’ या नावाची बक्षिसाची कोडी येत. ही आद्याक्षरं आर. एम. डी. चमारबागवाला यांची. साप्ताहिक छापायचं बंगळूरला, पण ते विकलं जायचं मुंबई राज्यातही. प्रवेशिका आणि पैसे गोळा करायला मुंबई राज्यात एजंट होते, डेपो होते. पुणे जिल्हा मुंबई राज्यातच होता, तेव्हा बारामती-इंदापूरकडे कोणी असा अंक घेऊन प्रवेशिका भरली, तर त्याचे चार आणे याच राज्यातून निघत होते. फक्त छापखाना दुसऱ्या राज्यात असल्यामुळे मुंबईचा कायदा त्या पैशापर्यंत पोचत नव्हता.

मुंबई सरकारने ही फट १९५२ च्या अखेरीस बुजवली. दुरुस्ती करून बाहेर छापलेल्या नियतकालिकांना दिलेली सूट काढली आणि त्यांच्या स्पर्धांवरही कर लावला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात चमारबागवाला आणि त्यांची कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. त्यांचं म्हणणं साधं आणि पहिल्या ऐकण्यात पटण्यासारखं होतं. आम्ही म्हैसूरचे, मुंबईच्या विधिमंडळाला आमच्यावर कर बसवण्याचा अधिकार नाही. शिवाय शब्दकोडं हा बुद्धीचा खेळ आहे, आमचा हा व्यवसाय आहे, आणि व्यवसायाचं स्वातंत्र्य राज्यघटनेने प्रत्येक नागरिकाला दिलं आहे. एप्रिल १९५४ मध्ये एकल न्यायाधीशांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. सरकारने अपील केलं, आणि जानेवारी १९५५ मध्ये अपिलाच्या खंडपीठानेही, कारणं थोडी वेगळी देऊन, तोच निकाल कायम ठेवला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं.

मधल्या काळात दिल्लीतही हालचाल झाली. जुगार हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय असल्याने संसदेला त्यावर थेट देशभराचा कायदा करता येत नव्हता, आणि एका राज्याने दार लावलं की धंदा दुसऱ्या राज्यात जाई, हे तर दिसलंच होतं. घटनेत यावर एक वाट आहे: दोन किंवा अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून विनंती केली तर संसद त्या राज्यांसाठी कायदा करू शकते. मुंबई, मद्रास, आंध्र, हैदराबाद, उत्तर प्रदेश, ओरिसा अशा राज्यांनी असे ठराव केले, आणि १९५५ सालचा बक्षीस स्पर्धा कायदा झाला. तो १ एप्रिल १९५६ पासून लागू झाला. त्याच्या व्याख्येत शब्दकोड्यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. अक्षरं, शब्द किंवा आकडे जुळवून, मांडून सोडवायच्या कोणत्याही कोड्यावर बक्षीस लावलं की ती बक्षीस स्पर्धा.

या कायद्याने संपूर्ण बंदी घातली नाही. महिन्याभरात देऊ केलेल्या बक्षिसांची एकूण रक्कम एक हजार रुपयांच्या वर जाता कामा नये, आणि एका स्पर्धेत दोन हजारांपेक्षा जास्त प्रवेशिका घेता कामा नयेत, एवढंच म्हटलं. त्या मर्यादेतही परवाना हवाच. वाचताना हे सौम्य वाटतं. पण मघाचेच चार आणे धरा. दोन हजार प्रवेशिकांचे होतात पाचशे रुपये. छपाई, एजंटांचं कमिशन, डेपोंचा खर्च यातून भागवायचा आणि लोकांना भुरळ पडेल असं बक्षीसही द्यायचं, हे जमणं शक्य नव्हतं. हजारो-लाखो प्रवेशिका हेच या धंद्याचं इंधन होतं. कायद्याने इंधनाच्या टाकीचाच आकार ठरवून दिला.

कंपनी या कायद्याविरुद्धही सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि दोन्ही प्रकरणांचे निकाल एकाच दिवशी लागले, ९ एप्रिल १९५७ रोजी. आठच दिवसांपूर्वी देशात नवे पैसे सुरू झाले होते आणि आण्यांचा हिशेब मागे पडायला लागला होता.

मुंबई सरकारच्या अपिलावरचा निकाल सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी लिहिला. हद्दीच्या प्रश्नावर त्यांनी पैशाची वाट शोधली. साप्ताहिक मुंबई राज्यात खपतं, आमंत्रण इथल्या वाचकाला मिळतं, प्रवेशिका इथे भरली जाते, पैसे इथल्या डेपोत जमा होतात. मग छापखाना बंगळूरला असला तरी व्यवहाराचा मुंबईशी पुरेसा संबंध आहे. त्यानंतर मुख्य प्रश्न: हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा? न्यायालयाने स्पर्धेची रचना आणि नियम तपासले आणि यश मुख्यतः नशिबावर ठरतं, म्हणून हा जुगार आहे, असा निष्कर्ष काढला. जुगार आपल्याकडे कधीच प्रतिष्ठित व्यवसाय मानला गेला नाही हे सांगताना सरन्यायाधीशांनी ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तापासून महाभारत, मनू, याज्ञवल्क्य, कौटिल्य यांच्यापर्यंतचे दाखले दिले. म्हणून व्यवसायस्वातंत्र्याचं घटनेतलं संरक्षण जुगाराला मिळत नाही. उच्च न्यायालयाचे निकाल फिरले आणि मुंबईचा कायदा टिकला.

दुसरा निकाल न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांचा, संसदेच्या कायद्यावरचा. मला तो कोड्यांच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा वाटतो. कंपनीची तक्रार होती की १९५५ च्या कायद्याची व्याख्या इतकी सैल आहे की तिच्यात निव्वळ बुद्धीची कोडीही अडकतात. न्यायालयाने शब्दांपलीकडे जाऊन कायदा कशासाठी झाला ते पाहिलं, आणि सांगितलं की ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून नाही, तिलाच हा कायदा लागू आहे. ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर ठरतं, तिच्यावर हे निर्बंध नाहीत. त्या रेषेच्या एका बाजूला लोभ आणि क्षोभ यांतलं लपवलेलं उत्तर गेलं, आणि दुसऱ्या बाजूला खरं शब्दकोडं राहिलं, अंकाच्या कोपऱ्यात, बक्षिसाविना किंवा किरकोळ बक्षिसावर.

निकालात मात्र घरं मोजलेली नाहीत. कोणतं कोडं कौशल्याचं आणि कोणतं नशिबाचं, हे जाळी पाहून कसं ओळखायचं? एक सोपी परीक्षा करता येते. कोडं सोडवून झालं की ज्या घरांतून एकच शब्द जातो ती सगळी घरं शोधायची. प्रत्येक मोकळ्या घरातलं अक्षर पुसून तिथे बाराखडी फिरवायची. नवा अर्थपूर्ण शब्द तयार झाला की सूत्र पुन्हा वाचायचं. सूत्राने त्याला बाहेर काढलं तर रचणारा प्रामाणिक. सूत्राला दोन्ही शब्द चालले तर त्या घरापुरतं ते कोडं नशिबाचं आहे, मग त्यावर बक्षीस असो वा नसो.

मराठीत ही परीक्षा विशेष कसोटी पाहते, कारण आपलं घर इंग्रजीच्या घरापेक्षा वेगळं आहे. इंग्रजीत घरात एक वर्ण बसतो, आणि असे वर्ण सव्वीस. मराठी शब्दकोड्यात घरात अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वारासकट आणि जोडाक्षरासकट. स्वातंत्र्य हा शब्द तीन घरांचा: स्वा, तं, त्र्य. बारामती चार घरांची आणि इंदापूरही चार घरांचं. दोन्ही नावांत र आहे म्हणून ती एकमेकांना छेदतील असं नजरेला वाटतं, पण बारामतीत आहे रा आणि इंदापुरात आहे र. कोड्याच्या लेखी ही दोन वेगळी अक्षरं, आणि छेद होत नाही. चौतीस व्यंजनं बाराखडीत चालवली तर ४०८ अक्षरं होतात, जोडाक्षरं अजून मोजलेलीच नाहीत.

याचे दोन परिणाम होतात आणि ते उलट दिशांना खेचतात. सोडवणाऱ्याला एक छेद मिळाला की त्यातून खूप माहिती मिळते; नुसता ळ कळला की कणीस बाद होतं. रचणाऱ्याला मात्र छेद जुळवणं फार कठीण जातं, कारण दोन शब्दांत काना-मात्रेसकट तेच अक्षर सापडावं लागतं. त्यात ळ आणि ण यांनी मराठी शब्द सुरूच होत नाहीत. म्हणून कळस जाळीच्या सगळ्यांत वरच्या ओळीत ठेवला, तर त्याच्या ळ पासून खाली उभा शब्द निघणं अशक्य. ते घर मोकळंच राहणार. कळसाला साक्षीदार द्यायचा तर तो वरच्या ओळीतून खाली उतरवावा लागतो, म्हणजे उभा शब्द त्याच्या डोक्यावरून येऊन ळ मधून जाईल किंवा ळ वर थांबेल. या अडचणीमुळे मराठी जाळ्यांत काळी घरं जास्त आणि छेद कमी असतात. मोकळी घरं टाळता येत नाहीत, म्हणून सगळा भार पुन्हा सूत्रावर येतो.

लेखनाच्या नियमांनी इथे मदत केली. मराठी साहित्य महामंडळाने ठरवलेले शुद्धलेखनाचे नियम राज्य सरकारने १९६२ साली स्वीकारले. त्याआधी गांव, नांव, पांच असे न उच्चारले जाणारे अनुस्वार सर्रास लिहिले जात. गां आणि गा या दोन वेगवेगळ्या अक्षरांनी दोन वेगवेगळे उभे शब्द मागितले असते. आता गाव एकाच पद्धतीने लिहायचं हे नक्की आहे. अकारान्त मराठी शब्दात शेवटून दुसरं अक्षर इकार किंवा उकार असेल तर तो दीर्घ, हाही नियम: कणीस, माणूस, कापूस. म्हणून कोणी मधल्या घरात ऱ्हस्व णि लिहिला आणि तिथून पाणी उभं जात असेल, तर पाणी बसणार नाही, आणि चूक कुठे झाली ते लगेच कळेल. शुद्धलेखन शिकवण्याच्या इतर अनेक पद्धतींपेक्षा ही पद्धत मला जास्त पटते, कारण चुकीचा पुरावा समोरच्या घरात असतो, गुरुजींच्या लाल शाईत नाही.

मग छेद नसताना क आणि स यांच्या मधल्या घराचं काय करायचं? मराठीला एक साधन आहे जे इंग्रजी रचणाऱ्याकडे नाही: लिंग. कळस पुल्लिंगी, कणीस नपुंसकलिंगी. मी मुद्दाम सूत्रात ‘गोष्ट’ हा शब्द घातला होता, त्यामुळे क्रियापद गोष्टीच्या मागे गेलं आणि उत्तराचं लिंग झाकलं गेलं. बक्षिसाच्या कोड्यांचा कारागीर मराठीत काम करता तर त्याने असंच केलं असतं. ‘वाढ पुरी झाली की माथ्यावर येतो’ एवढं लिहिलं असतं तर कणीस तिथेच गळलं असतं. ‘माथ्यावर येतं’ लिहिलं असतं तर कळस गळला असता. एका कान्याने किंवा एका अनुस्वाराने मोकळ्या घराला साक्षीदार मिळतो.

आणि तेही करायचं नसेल, तर कळस दुसऱ्या ओळीत उतरवून ठेवायचा. त्याच्या ळ च्या वरच्या घरात ह, खालच्या घरात द, आणि उभं सूत्र, ‘लग्नाच्या आदल्या दिवशी अंगाला लागते’. मग ज्याने घाईने कणीस लिहिलं असेल, त्याला मधला णी खोडावाच लागतो.